आयबीएस आणि संथ श्वास: किती गुण येतो, किती दिवसांत?

प्रश्न: डॉक्टर, मी ३४ वर्षांचा आहे, डोंबिवलीहून रोज फोर्टला नोकरीला जातो. गेली तीन वर्षं सकाळी घराबाहेर पडण्याआधी तीन-चारदा संडासला जावं लागतं, पोटात कळ येते, आणि गाडीत पुन्हा जावं लागलं तर काय, या भीतीनं जीव अर्धा होतो. दहातले सहा दिवस पोट दुखतंच. रक्त, शौच, थायरॉइड, कोलोनोस्कोपी, सगळं नॉर्मल आलं. डॉक्टरांनी आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम सांगितलं, लोपेरामाइड ही जुलाबावरची गोळी दिली आणि म्हणाले, "ताण कमी करा, प्राणायाम करा." मी टीव्हीवर बघून पंधरा दिवस कपालभाती आणि भस्त्रिका केली. फरक शून्य, उलट गरगरलं. माझा आजार मनाचा आहे असं त्यांना म्हणायचं होतं का? श्वासाचे व्यायाम हा खरंच उपचार आहे का? असेल तर किती गुण येईल आणि किती दिवसांत?

उत्तर:

नमस्कार. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. हा उपचार आहे, पण मध्यम ताकदीचा. ज्यांना तो लागू पडतो त्यांचा त्रास जाणवेल इतका कमी होतो, बहुतेकांचा पूर्ण थांबत नाही, आणि काहींना गुण येतच नाही. कोणत्या गटात आपण आहोत हे कळायला रोज करून साधारण दोन ते तीन महिने लागतात. पंधरा दिवसांत निकाल लावता येत नाही. शिवाय तुम्ही जे पंधरा दिवस केलंत ते या कामाचं नव्हतंच.

कपालभातीत पोट झटक्यानं आत घेऊन श्वास भराभर बाहेर टाकला जातो. भस्त्रिकेत श्वास जोरानं आत आणि जोरानं बाहेर. दोन्ही प्रकार शरीराला चेतवणारे आहेत. भराभर आणि खोल श्वासानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा खाली उतरतो, त्यानं गरगरतं, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात. तुम्हाला गरगरलं ते यामुळेच. ज्याचं आतडं आधीच सावध होऊन बसलंय त्यानं सकाळी सकाळी पोटाला झटके देऊन ते शांत होईल अशी आशा धरू नये. डॉक्टर "प्राणायाम करा" म्हणाले आणि कोणता ते सांगायचं राहून गेलं, असं आपल्याकडे फार वेळा होतं, आणि मग रुग्ण म्हणतो की करून पाहिलं, काही झालं नाही.

आता "मनाचा आजार" या शब्दांनी तुम्हाला जे टोचलं त्याबद्दल. आयबीएसच्या रुग्णांच्या गुदाशयाजवळच्या आतड्यात छोटा फुगा घालून तो हळूहळू फुगवण्याचे प्रयोग १९७३ पासून झालेले आहेत. निरोगी माणसाला ज्या फुगवट्यावर काहीच होत नाही, त्याच फुगवट्यावर आयबीएसच्या अनेक रुग्णांना खरीखुरी कळ येते. आतड्यातून मेंदूकडे जाणारे संदेश त्यांच्यात जास्त तीव्रतेनं पोचतात आणि मेंदूही त्यांना धोक्याची सूचना म्हणून वाचतो. कोलोनोस्कोपीत जखम, सूज, गाठ दिसते. नसांचा हा हळवेपणा त्यात दिसत नाही. म्हणून तपासणी नॉर्मल आणि दुखणं खरं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी बरोबर असतात. मेंदू आणि आतडं यांच्यातली ही वाट दुहेरी आहे, आणि श्वासाचा उपचार या वाटेवर काम करतो.

तुम्हाला सकाळीच त्रास का होतो ते पाहू. झोपेतून उठल्यावर मोठ्या आतड्याची हालचाल सगळ्यांचीच वाढते. वर चहा आणि नाश्ता पोटात गेला की जठर भरल्याची वर्दी आतड्याला मिळते आणि ते पुढचं ढकलायला लागतं. म्हणूनच चहानंतर संडासला जाण्याची सवय निम्म्या महाराष्ट्राला आहे. तुमच्या बाबतीत याच अर्ध्या तासात गाडीची चिंताही सुरू होते. चिंतेच्या वेळी मेंदूतून सुटणारी तणावाची संप्रेरकं मोठ्या आतड्याला आणखी वेग देतात. गुदाशयात थोडंसं काही उतरलं तरी हळव्या नसा "आत्ताच जा" असं सांगतात. तुम्ही जाता, थोडंसं होतं, बरं वाटतं, आणि पाच मिनिटांनी घड्याळ बघितलं की पुन्हा तेच. तिसऱ्या-चौथ्या वेळी पोटात फारसं काही उरलेलंही नसतं. तेव्हा तुम्ही जाता ते "न जाणो गाडीत लागली तर" म्हणून, आणि दर वेळी मेंदू एवढंच शिकतो की जाऊन आलो म्हणून वाचलो.

या फेऱ्यात श्वास कुठं शिरतो? नाश्त्याचं पचन तो बदलत नाही, गॅस तयार होणं थांबवत नाही, दूध किंवा गहू सोसत नसेल तर त्यावर त्याचा उपयोग नाही. तो चिंतेची पातळी उतरवतो, पोटाचे ताठलेले स्नायू सैल करतो आणि कळेची लाट आली की ती ओसरेपर्यंत थांबण्याची क्षमता देतो. शौचाची घाई सहसा लाटेसारखीच येते, आतड्याचं आकुंचन संपलं की काही मिनिटांत तिचा जोर कमी होतो. ते तुम्हाला आजवर अनुभवता आलेलं नाही, कारण तुम्ही लाटेच्या सुरुवातीलाच धावता.

आता प्रत्यक्ष कृती. उताणे झोपा, गुडघे वाकवून पाय जमिनीवर टेकवा, एक हात बेंबीवर आणि एक छातीवर ठेवा. नाकानं श्वास घेताना मनात चार आकडे मोजा, सोडताना सहा. आकडा म्हणजे साधारण एक सेकंद, म्हणजे मिनिटाला सहा श्वास होतात. मध्ये श्वास रोखायचा नाही. बेंबीवरचा हात हलका वर यावा, छातीवरचा जवळपास स्थिर राहावा. चार-सहा जड जात असेल तर पहिला आठवडा तीन-चारनं करा. श्वास खोल घ्यायचा नाही, हे मी प्रत्येकाला दोनदा सांगतो, कारण "दीर्घ श्वास" म्हटलं की लोक छाती भरून हवा ओढतात. तो लहानच हवा, फक्त सावकाश. शेजारच्या माणसाला ऐकू येणार नाही इतका.

चुकतंय हे ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. मुंग्या, हलकं डोकं किंवा सारख्या जांभया आल्या तर श्वास गरजेपेक्षा मोठा होतोय. तो लहान करा. ढेकर आणि पोट फुगणं वाढलं तर तुम्ही तोंडानं हवा गिळताय, ओठ मिटा. खांदे वर जात असतील तर छातीनंच श्वास चाललाय. काही जणांना डोळे मिटून श्वासाकडे लक्ष दिलं की उलट घाबरायला होतं. त्यांनी डोळे उघडे ठेवून, बसून, दोन-दोन मिनिटांपासून सुरुवात करावी. तेही जमलं नाही तर श्वास सोडून द्यावा आणि पुढचा स्नायूंचा व्यायामच करावा.

तो व्यायाम असा. मुठी पाच सेकंद आवळा आणि मग दहा-पंधरा सेकंद पूर्ण सोडा. तसंच खांदे कानाकडे ओढून सोडा, कपाळ आणि जबडा आवळून सोडा, पोट आत घेऊन सोडा, मांड्या आणि नितंब आवळून सोडा. ही पद्धत एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात बसवली आणि आयबीएसवरच्या बऱ्याच जुन्या चाचण्या हिच्यावरच झाल्या. तुमच्यासाठी यातला पोटाचा भाग सगळ्यात मोलाचा. आयबीएसची माणसं दिवसभर पोट आणि गुदद्वार आवळून वावरतात आणि त्यांना ते कळतही नाही. पोट सैल सोडलं तर अपघात होईल अशी त्यांना भीती असते. शरीराची रचना मात्र वेगळी आहे. गुदद्वार बंद ठेवणारे स्नायू पोटाच्या भिंतीपासून स्वतंत्र आहेत, पोट सैल केल्यानं ते उघडत नाहीत. उलट पोट ताठ केलं की आतला दाब वाढतो आणि तो गुदाशयावरच येतो. म्हणजे जे वाचवण्यासाठी तुम्ही करता त्यानंच घाई वाढते.

रोज दोन वेळा दहा-दहा मिनिटं ठेवा. एक वेळ रात्री झोपण्यापूर्वी, दुसरी सकाळी उठल्यावर चहाच्या आधी. पहिले दोन आठवडे फक्त घरी, आणि पोट शांत असताना. इथं बहुतेकांची गाडी अडते. ते श्वासाचा पहिला प्रयोग भर गर्दीत, मुरडा आल्यावर करतात आणि तीस सेकंदांनी पोटाला विचारतात, "थांबलं का?" सराव न केलेली गोष्ट संकटात उपयोगी पडत नाही, आणि थांबलं का हे तपासत राहणं म्हणजे पुन्हा पोटावरच पहारा ठेवणं. कळ आली तर श्वासाचं काम तिला हाकलायचं नाही. ती असताना पोट सैल ठेवून सहा मोजत श्वास सोडायचा आणि बाहेर जे चाललंय तिकडे लक्ष न्यायचं, एवढंच.

तिसऱ्या आठवड्यापासून सकाळी एक बदल करा. पहिल्यांदा जी घाई येते तेव्हा बिनधास्त जा, निवांत बसा. दुसऱ्यांदा वाटलं की लगेच न उठता खुर्चीत बसून पाच मिनिटं श्वास करा, मग ठरवा. काही वेळा जावंच लागेल, जा. काही वेळा ती घाई निघून गेलेली असेल. पुढच्या आठवड्यात पाचाची आठ मिनिटं. सोबत अलार्म पंधरा-वीस मिनिटं अलीकडे आणा, म्हणजे चहा आणि निघण्याची वेळ यांच्यात श्वास घ्यायला जागा राहील. रिकाम्या पोटी दोन कप कडक चहा होत असेल तर एकावर या, कारण कॅफिनही आतड्याला ढकलतं.

पाचव्या आठवड्यापासून गाडी. रविवारी, कुठं पोचायची घाई नसताना, डोंबिवलीहून स्लो गाडीनं कोपरपर्यंत जा आणि परत या. मग दिवा, मग मुंब्रा, मग कळव्यावरून ठाणे. एका टप्प्यावर भीती निम्म्यावर आली की पुढचा टप्पा घ्या. फास्ट गाडी आणि कामाचा दिवस शेवटी. लोपेरामाइड एकदम बंद करू नका. ती जुलाब आणि घाई कमी करते, दुखण्यावर तिचा फारसा उपयोग नसतो. रविवारचे टप्पे जमायला लागले की तुमच्या डॉक्टरांशी बोलून, रोज घ्यायची की फक्त लांबच्या प्रवासाला, ते ठरवा. गोळी खिशात असणं आणि दर सकाळी भीतीपोटी ती घेणं यात बराच फरक आहे.

किती गुण आला हे मनाच्या आठवणीवर सोडू नका. वाईट सकाळ लक्षात राहते, बरी सकाळ विसरली जाते. जगभरच्या चाचण्यांत वापरतात तो मोजमापाचा एक तक्ता आहे, त्यात पाच गोष्टींना प्रत्येकी शंभर गुण: दुखण्याची तीव्रता, दहांपैकी किती दिवस दुखलं, पोट फुगणं, शौचाबद्दलची नाराजी, आणि रोजच्या जगण्यात येणारा अडथळा. एकूण पाचशे. १७५ च्या खाली सौम्य, ३०० पर्यंत मध्यम, त्यावर तीव्र. पन्नास गुणांची घट झाली तर ती खरी सुधारणा मानतात.

तुमच्या पत्रावरून मी अंदाजानं भरतो, चुकलं तर दुरुस्त करा. तीव्रता ५०, दिवस ६० (सहा दिवस), फुगणं ४०, नाराजी ७५, अडथळा ८५. बेरीज ३१०. आता समजा बारा आठवड्यांनी तीव्रता ४०, दिवस ५०, फुगणं ४०, नाराजी ६०, अडथळा ५० झाला. बेरीज २४०. सत्तर गुण उतरले, म्हणजे उपचार लागू पडला. पण आकडे नीट बघा. दहातले पाच दिवस अजून दुखतंय, फुगणं जसंच्या तसं आहे. सगळ्यात जास्त उतरलाय तो अडथळा. माझ्या ओपीडीतही हेच दिसतं. आधी भीती आणि टाळाटाळ कमी होते, मग घाई, मग थोडं दुखणं. शौच किती पातळ आणि पोट किती फुगतं हे सगळ्यात शेवटी बदलतं किंवा बदलत नाही. चौथ्या आठवड्यात तुम्ही फक्त संडासच्या फेऱ्या मोजल्या तर वाटेल काहीच झालं नाही, आणि ज्या आठवड्यात तुम्ही प्लॅटफॉर्मवर मित्राशी गप्पा मारत उभे राहिलात तो आठवडा हिशोबात येणारच नाही. म्हणून अडथळ्याचा रकाना रिकामा सोडू नका.

चाचण्या काय सांगतात तेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. नुसतं शिथिलीकरण किंवा नुसता संथ श्वास, यावरच्या चाचण्या लहान आहेत आणि निकाल मिश्र. काहींत फायदा दिसतो, पण तो योगायोगापेक्षा नक्की जास्त आहे असं ठामपणे म्हणता येईल इतका पुरावा नाही. दिल्लीच्या एम्समध्ये जुलाबाच्या प्रकारच्या आयबीएसवर योगासनं आणि उजव्या नाकपुडीचा प्राणायाम यांची लोपेरामाइडशी तुलना झाली होती, २००४ साली ती प्रसिद्ध झाली. दोन महिन्यांत दोन्ही गटांना फायदा झाला. पण सगळे मिळून रुग्ण होते बावीस, सगळे पुरुष. त्यावरून मी तुम्हाला हमी देणार नाही.

जास्त भक्कम पुरावा आहे तो शिथिलीकरणाबरोबर विचार आणि वागणूक बदलण्याच्या पद्धतशीर उपचाराचा, ज्याला सीबीटी म्हणतात, आणि आतड्यावर लक्ष केंद्रित केलेल्या संमोहन उपचाराचा. इंग्लंडमध्ये ५५८ रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, औषधांनी पुरेसा गुण न आलेल्या लोकांना फोनवरून सीबीटी दिली. वर्षभरानंतर त्यांचे वरच्या तक्त्यावरचे गुण नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांपेक्षा सुमारे ६२ नं कमी होते. वेबसाइटवरून, थोड्या मदतीनं तेच शिकलेल्यांचे सुमारे ३५ नं. मी वर सांगितलेले सकाळचे आणि गाडीचे टप्पे याच उपचारातून घेतलेले आहेत. श्वास एकटा करण्यापेक्षा त्याच्यासोबत ते केले तर गुण येण्याची शक्यता जास्त, असं माझं मत आहे. शंका असेल तर रोजचा श्वास अर्ध्यावर आणा, पण टप्पे सोडू नका.

एक सावधगिरी उलट्या बाजूनंही. आयबीएस आपणहून चढतो-उतरतो. काहीही उपचार न करता नुसती वाट बघणाऱ्या गटातही चौथ्या हिश्शाहून थोड्या जास्त लोकांना काही आठवड्यांत बरं वाटल्याची नोंद आहे. तेव्हा पहिल्या दहा दिवसांत फार छान वाटलं तर जाहीर करू नका, आणि परीक्षेच्या किंवा मार्च-एंडच्या आठवड्यात बिघडलं तर सोडूनही देऊ नका. सुरुवातीला आणि मग दर दोन आठवड्यांनी तक्ता भरा, बाराव्या आठवड्याचा पहिल्याशी ताडून बघा.

पन्नासाहून कमी फरक पडला तर हा रस्ता तुमच्यापुरता अपुरा ठरला असं समजायचं, तुम्ही कमी पडलात असं नाही. मग पर्याय आहेत. आयबीएसचा अनुभव असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट शोधा. मोठ्या शहरांत ते मिळतात, ऑनलाइनही भेटतात, आणि पहिल्याच फोनवर "तुम्ही पोटाच्या रुग्णांबरोबर काम केलंय का" हे विचारायला संकोच नको. आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली काही आठवडे ठरावीक पदार्थ बंद करून एकेक परत सुरू करण्याची पद्धत आहे, पोट फुगण्यावर तिचा श्वासापेक्षा जास्त उपयोग होतो. आणि अ‍ॅमिट्रिप्टिलिन हे जुनं औषध अगदी कमी मात्रेत, १० ते ३० मिलिग्रॅम, रात्री देतात. नैराश्यासाठी लागणाऱ्या मात्रेपेक्षा ती कितीतरी कमी आहे, आणि त्यानं शौच थोडं घट्ट होतं म्हणून जुलाबाच्या प्रकाराला ते बरं पडतं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याचा फायदा त्याच तक्त्यावर खोट्या गोळीपेक्षा सरासरी २७ गुणांचा निघाला. या आजारात औषधाची झेपही एवढीच असते, म्हणून दोन-तीन मध्यम उपाय एकत्र वापरावे लागतात.

तुमच्या तपासण्या झाल्यात म्हणून मी हे सगळं निर्धास्तपणे लिहू शकलो. पण पुढेमागे शौचात रक्त आलं, प्रयत्न न करता वजन उतरलं, ताप राहिला, हिमोग्लोबिन घसरलं, किंवा जुलाबानं रात्री झोपेतून उठावं लागायला लागलं, तर ते आयबीएसच्या खात्यात टाकू नका. आयबीएस सहसा गाढ झोपेतून उठवत नाही. आपल्याकडे आतड्याचा क्षयरोगही विसरून चालत नाही. अशा वेळी बारा आठवडे पुरे करायची वाट न बघता पोटाच्या डॉक्टरांना दाखवा आणि जुने सगळे रिपोर्ट बरोबर न्या.